धारवालीकडे अनोळखी माणसं येईनाशी झाली

त्या गल्लीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. धारवाली म्हटलं की झालं. शिंप्याची कात्री कापडाला दात दाखवू लागली की तो म्हणायचा, "हिला धारवालीकडे टाक." सलूनवाला, फुलवाली, खाटीक, कोपऱ्यावरच्या खानावळीतला आचारी, सगळ्यांच्या पात्यांचं माहेर तिच्या दुकानात. दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पोट आत घ्यावं एवढी खोली. एका बाजूला विजेच्या मोटारीवर फिरणारं धारेचं चाक, दुसऱ्या बाजूला पाणी लावून घासायच्या सहाणांचं टोपलं, भिंतीला खिळ्यावर टांगलेला चामड्याचा पट्टा, आणि सगळ्यावर लोखंडाच्या बारीक काळ्या भुशाची साय.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती चाकाकडे पाठ करून बसायची. ठिणग्यांना भ्यायची. दुकान सासऱ्यांचं, अण्णांचं. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर, त्याचं बूड कधी घरी टेकलंच तर पाहुण्यासारखं. नणंदेनं लहानपणीच सांगून टाकलं होतं, "मला तो भुसा नको, माझी नखं काळी होतात." मग अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. एकदा आचाऱ्याच्या सुरीचं टोकच त्यांनी चाकावर खाऊन टाकलं. त्या दिवशी त्यांनी चाक बंद केलं. नुसते स्टुलावरून उठले आणि सुनेकडे बघून म्हणाले, "बस."

ती बसली ती बसलीच.

अण्णांची शिकवण तोंडानं कमी, हातानं जास्त. पातं कुठल्या कोनात धरायचं, धारेच्या पलीकडे लोखंडाची केसाएवढी कड उभी राहते ती बोटाच्या पोटानं कशी चाचपायची, मग पट्ट्यावर ती कशी झोपवायची. आणि शेवटी परीक्षा. डावी बाही वर सारायची, पातं मनगटाच्या वर हलकंच आडवं ठेवायचं आणि केसांवरून न्यायचं. केस न दुखता उडाले तर काम झालं. "गिऱ्हाईक खोटं बोलेल, आपले डोळे खोटं बोलतील," अण्णा म्हणायचे, "हातावरचा केस खोटं बोलत नाही." त्यांच्या डाव्या हातावर आयुष्यभर टकलाचे चौकोन असायचे. आता तिच्या हातावर होते. नवरा सुटीला आला की चिडवायचा, "बायकोचा हात बघावा तर अर्धी हजामत झालेली."

व्हिडिओंचं खूळ नणंदेनं घातलं. नणंद त्या धंद्यातलीच. बेकरीवाला, कपड्यांची दोन दुकानं, एक सलून, एक दातांचा डॉक्टर, या सगळ्यांची खाती ती चालवायची. गल्लीत तिला पेजवाली म्हणत, आणि तिला ते बिलकुल आवडत नसे. "वहिनी, तुझं चाक बघत बसावंसं वाटतं गं. लोकांनाही वाटेल," म्हणून तिनं मोबाईल पत्र्याच्या डब्याला टेकवून पहिला व्हिडिओ काढून दिला. गंजलेली कात्री, चाक, पाणी, सहाण, आणि शेवटी रेशमाचा तुकडा वाऱ्यासारखा दुभंगला. पुढचं धारवाली आपलं आपण शिकली. बघणारे वाढत गेले. गंमत म्हणजे ते सगळे अनोळखी, दूरदूरच्या गावचे. कुणी शिंपीण, कुणी केस कापणारा, कुणी नुसताच सुऱ्यांचा शौकीन. हळूहळू त्यांची पार्सलं यायला लागली. गल्लीतली गिऱ्हाइकं कमी होत चालली होती, कारण लोक स्वस्तातली सुरी घेतात आणि बोथट झाली की फेकतात. पण पार्सलांनी दुकान तगलं. नवं चाक आलं. अण्णा भर दुपारी स्टुलावर बसून पार्सलांवरचे पत्ते मोठ्यानं वाचायचे, जणू त्या त्या गावी जाऊन आल्यासारखे.

आणि मग एका आठवड्यात सगळं बसलं.

बसलं म्हणजे असं बसलं, की काल जिथे जत्रेसारखी गर्दी तिथे आज कुत्रं फिरकेना. व्हिडिओ टाकावा आणि तो विहिरीत पडल्यासारखा गडप व्हावा. बघणारे तेच ते ओळखीचे. शिंपी, सलूनवाला, नवऱ्याचे दोन ट्रकवाले मित्र. पार्सलं आटली. टेबलावरची गिऱ्हाइकांची पाती एक एक करून परत गेली आणि नवीन येईनात. चाक बंद असलं की दुकानाला घर्रघर्र नसण्याचा एक आवाज येतो, तो तिला ऐकू येऊ लागला.

त्यातच मांसाच्या कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. त्याच्याकडे पात्यांचा वेगळा विभाग होता. दिवसभर पट्ट्याच्या यंत्रावर एकाच मापाची पाती घासायची. "ताई, जागा आहे. पगार ठरलेला. पण शनिवारपर्यंत हो की नाही सांगा, दुसरा माणूस रांगेत आहे."

हो म्हटलं तर दुकान बंद. घरात पैसे येतील, पण खोलीच्या मालकाला किल्ली द्यावी लागेल, आणि अण्णांना कुठे बसवायचं? ते रोज सकाळी भांग पाडून दुकानात येत. काम करत नसत, पण येत. घरच्या पलंगावर हा माणूस महिनाभरसुद्धा टिकणार नाही हे तिला न सांगता कळत होतं. अण्णांना तिनं फोनचं काही सांगितलं नाही.

शेवटी तिनं नणंदेला बोलावलं. आधीच बोलवायला हवं होतं. पण नणंद हे काम पैसे घेऊन करते, तिच्यापुढे फुकट हात पसरायचा कसा, म्हणून हिनं आपले आपण उपाय करून बघितले होते. ते किती भयंकर होते ते नणंद आल्यावर कळलं.

नणंद बुधवारी सकाळी आली. स्टुलावर भुसा म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून बसली आणि हात पुढे केला. "दे मोबाईल. आणि खरं सांग, डॉक्टरपुढे लाजायचं नाही. कधीपासून?"

"झाले की आता बरेच दिवस."

"बरेच म्हणजे? मला दिवस हवा. कुठल्या व्हिडिओपर्यंत बरं होतं आणि कुठल्यापासून नाही?"

"आठवत नाही गं."

"बरं, ते मी काढते. त्यानंतर तू काय काय केलंस?"

धारवालीनं पदराला हात पुसले. एरवी उगाच हात पुसायची तिला सवय नव्हती. "आधी म्हटलं कमी टाकते म्हणून असेल. मग दिवसाला पाच पाच टाकले."

"पाच."

"हो. मग तरीही काही होईना, तर म्हटलं जुने कुणी बघितले नाहीत ते खात्याला ओढत असतील. ते उडवले."

"किती?"

"बरेच."

नणंदेनं डोळे मिटले. "पुढे."

"मग एकानं मेसेज केला, फॉलोअर वाढवून देतो. पासवर्ड मागितला…"

"वहिनी!"

"दिला." ती चटकन म्हणाली. एकदा कापायचं तर एका झटक्यात, तसं. "फॉलोअर वाढले पण. कुणाच्या तोंडाला फोटोच नाही. नावं म्हणजे नुसते आकडे."

स्टुलावरून अण्णा म्हणाले, "भुतं आणली होती पोरीनं. मी तेव्हाच म्हटलं."

"तुम्ही काही म्हटलं नव्हतं."

"मनात म्हटलं."

नणंद हसली नाही. तिनं आधी पासवर्ड बदलायला लावला आणि जिथून जिथून खातं उघडलेलं दिसत होतं तिथून बाहेर काढायला लावलं. त्या फॉलोअरवाल्याला खात्यात शिरायची दिलेली परवानगीही काढून टाकली. मग तिनं वही-कागद न घेता नुसत्या बोटांवर मोजायला घेतलं. "हे बघ. पाच व्हिडिओ, उडवाउडवी, भुतं, हे सगळं तू घसरल्यावर केलंस. यानं दुखणं वाढलं असेल. पण दुखणं सुरू झालं ते याच्यानं नाही. जे आधी घडलं ते शोधायचं."

"लोकांना कंटाळा आला असेल. चाक ते चाक. किती बघणार?"

"ते मलाही वाटलं होतं. पण कंटाळा हळूहळू येतो. घरातून माणूस निघतो तसा, एक एक. इथे तर सगळे एकदम उठून गेलेत. आधी एक बघू, हा पाऊस सगळ्यांवर पडलाय की तुझ्याच छपरावर." तिनं आपल्या मोबाईलवर बेकरीची, सलूनची, डॉक्टरची खाती भराभर उघडली. तिघांचं नेहमीसारखंच चाललेलं. "अ‍ॅपनं सगळ्यांसाठीच काही बदललं असतं तर यांनाही लागलं असतं. बेकरीवाला आणि डॉक्टर दोघं माझ्या डोक्यावर बसले असते. नाही. तुझंच काहीतरी आहे."

धारवालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तुझंच. अण्णांनी खोलून ठेवलेल्या कात्रीचा एक पाय, म्हणजे एक पातं, उचलून विनाकारण प्रकाशात धरला.

नणंदेनं खात्याचे आकडे उघडले. ती धारवालीला जवळ ओढून दाखवायला लागली. "हे रंग बघ. जांभळा म्हणजे तुला फॉलो करणारे. हा दुसरा म्हणजे फॉलो न करणारे, अनोळखी. आधीचा कुठलाही व्हिडिओ घे, दहातले आठ बघणारे अनोळखी. बरोबर? आता घसरल्यानंतरचा बघ."

जांभळा पट्टा होता तेवढाच होता. दुसरा रंग नखाच्या कडेएवढा उरला होता.

"म्हणजे तुझी माणसं कंटाळलेली नाहीत," नणंद हळू म्हणाली, आता तिचा आवाज बदलला होता, "ती बघतायत. पण अ‍ॅपनं तुला नव्या लोकांसमोर नेणंच बंद केलंय. अनोळखी लोक तुला सोडून गेले नाहीत. त्यांना तू दिसतच नाहीस."

"का पण?"

"ते बघू." तिनं सेटिंग उघडली, आत गेली, आणखी आत गेली. "वहिनी, सूचना बंद करून ठेवल्यात का तू?"

"चाकावर असताना मोबाईल थरथरला आणि माझं बोट गेलं असतं एकदा. तेव्हापासून बंद."

"आणि खात्याचा ईमेल?"

"तुझ्या भावाचा. तो कुठे बघतोय."

नणंदेनं खात्याची स्थिती दाखवणारं पान उघडलं. तिथे लाल खूण होती. खूण कधीची होती कुणास ठाऊक, पण होती, सगळा वेळ तिथेच होती, दोन बोटांच्या अंतरावर. नणंदेनं मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. खात्यावरच्या काही व्हिडिओंमुळे हे खातं अनोळखी लोकांना सुचवलं जात नाही. कारण: स्वतःला इजा करणे.

तिनं तीच ओळ पुन्हा वाचली.

"काय करणे?" अण्णांनी विचारलं.

"स्वतःला इजा, अण्णा. म्हणजे… हात कापून घेणे. तसलं."

"कोण? ही?" अण्णा उभे राहिले. एका हातानं टेबल धरलं. "हिनं कुणाचं बोट कापलं नाही अजून, स्वतःचं कापेल?"

नणंद खाली सरकवत गेली. तिथे त्या व्हिडिओंची यादीच होती. चौकटी एकाखाली एक. प्रत्येक चौकटीत तेच पहिलं चित्र: बाही वर सारलेला उघडा हात आणि त्यावर आडवं चकाकणारं पातं.

धारवाली खाली बसली. बसली म्हणजे तिला स्टूल कुठे आहे ते बघायचं सुचलं नाही, पोत्यावर बसली.

आता तिला दिवस आठवला. एका माणसानं कमेंट केली होती: ही बाई व्हिडिओत धार लावते, पण रेशीम तर कशानंही फाटतं, कोण जाणे खरंच कापतं की नाही. लोकांनी त्याला हसण्याच्या खुणा ठोकल्या होत्या. तिला झोंबलं. तोवर हाताची परीक्षा ती व्हिडिओत घेतच नसे, ती कामाची गोष्ट, दाखवायची नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रत्येक व्हिडिओची सुरुवातच तिथून केली. आधी उघडा हात, वर पातं, केस उडाले. बघा, कापतं की नाही. मग पुढचं चाकबिक. आणि नणंदेनं व्हिडिओचे पहिले काही क्षण जोरदार हवेत असं कधीकाळी सांगितलंच होतं.

"यंत्र बघतंय ना हे," नणंद म्हणाली. "माणूस नाही. त्याला केस दिसत नाहीत, वहिनी. त्याला फक्त उघडं मनगट आणि सुरी दिसते. तसले खरे व्हिडिओ पोरंपोरी टाकतात, ते अडवायलाच हे यंत्र बसवलंय. त्याच्या जागी मी असते तर मीही दचकले असते."

"मग सगळे उडवून टाक आत्ताच्या आत्ता."

"एवढंच शिकलीस का? उडवाउडवी." पण ती हे मायेनं म्हणाली. "थांब. यातला हा कुणाचा आहे?"

यादीत शेवटून दुसरी चौकट वेगळी होती. त्यातला हात म्हातारा होता, शिरा वर आलेल्या. धारवालीनं एकदा अण्णांच्या हातात नवी घासलेली सुरी दिली होती आणि म्हटलं होतं, "तुम्हीच विचारा हिला." अण्णांचा उजवा हात थरथरत होता, पण पातं डाव्या हाताला टेकताच थरथर थांबली. सगळी नाही, पण थांबली. केस उडाले आणि अण्णा कॅमेऱ्याकडे बघून असे हसले होते, जसे ते मुलीच्या लग्नातही हसले नव्हते. सगळ्यात जास्त लोकांनी तोच बघितला होता. खूण लागण्याआधी.

"यंत्राला म्हाताऱ्याचा हात थरथरताना दिसला," नणंद म्हणाली, "आणि त्यात सुरी. हाच सगळ्यात वाईट वाटला असणार त्याला."

अण्णा परत बसले आणि आपला डावा हात पालथा करून बघत राहिले.

नणंदेनं योजना सांगितली ती इतकी साधी होती की धारवालीला आधी विश्वासच बसेना. तिच्या स्वतःच्या हाताचे व्हिडिओ काढून टाकायचे, ते परत कधीही करता येतील. अण्णांच्या व्हिडिओसाठी फेरतपासणी मागायची. तिथे माणूस बघतो किंवा बघत असावा, त्याला कळेल कदाचित. नव्या व्हिडिओत परीक्षा कागदावर, टोमॅटोवर, ताणून धरलेल्या दोऱ्यावर, पण कातडीवर अजिबात नाही. दिवसाला पाच नको. पूर्वी जसे टाकत होतीस तसे. भुतं हळूहळू काढायची, एकदम नाही. नवं खातं काढायचं नाही, जुन्या गिऱ्हाइकांचा हात सोडून कुठे जायचं? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

"आणि पार्सलवाल्यांना तू थेट मेसेज कर. एकेकाला. दुकान चालू आहे म्हणून. अ‍ॅपनं दाखवेपर्यंत हात जोडून बसायचं नाही."

"शनिवारपर्यंत होईल?"

"शनिवार का?"

धारवालीनं अण्णांकडे बघितलं. आता लपवायचं कशाला. सांगितलं. कारखाना, पात्यांचा विभाग, किल्ली. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती.

"तू मला हे आज सांगतेस?" नणंद म्हणाली.

"पोरीनं मलाही आजच सांगितलं," अण्णा म्हणाले. बोलले एवढंच, पण आवाज दुखरा होता. मग बोटांवर मोजून, "शनिवार परवाच्या पलीकडेच आहे."

"होईल की नाही ते सांग, वन्सं," धारवाली म्हणाली. नणंदेला खोटा मान द्यायचा असला की ती तिला असं म्हणायची.

"मी खात्री देऊ शकत नाही. खूण निघेल बहुतेक. त्यानंतर लोक लगेच येतील की आठवडे लागतील, ते कुणीच सांगू शकत नाही. जो सांगेल तो तुझ्या फॉलोअरवाल्याचा भाऊ."

गुरुवार अक्षरशः दातओठ खात गेला. धारवालीनं आपले व्हिडिओ एक एक करून काढले. प्रत्येक वेळी बोट पुढे न्यायचं, अ‍ॅपनं विचारायचं खात्री आहे का, आणि हिनं दात दाबून हो म्हणायचं. अण्णांच्या व्हिडिओसाठी नणंदेनं फेरतपासणीचा मजकूर लिहून दिला. चार ओळी, रडारड नाही: हे धार लावण्याचं दुकान आहे, कारागीर पात्याची धार हाताच्या केसांवर तपासतो, कुणालाही इजा झालेली नाही. मग मेसेज. शिंपिणीला, केस कापणाऱ्याला, सुऱ्यांच्या शौकिनाला. अर्ध्यांनी बघितलेच नाहीत, काहींनी अंगठा पाठवला, आणि एकीनं लिहिलं, "अहो ताई, तुम्ही दिसतच नव्हता, मला वाटलं बंद केलंत."

तो मेसेज तिनं अण्णांना वाचून दाखवला. दिसतच नव्हता. तेच.

शुक्रवारी सकाळी ती दुकान उघडून मोबाईल बघते तर उत्तर आलेलं. फेरतपासणी झाली, निर्णय कायम. एवढंच. कारण नाही, माणसाचं नाव नाही, काही नाही. तिनं नणंदेला फोन केला. नणंद सलूनमध्ये होती, मागून ड्रायर घोंघावत होता.

"मग तो पण काढावा लागेल, वहिनी. तो तिथे असेपर्यंत लाल खूण राहणार. एकट्यासाठी सगळं खातं अडेल."

"माणसानं बघितलं असेल ना तो? माणसाला पण नाही कळलं?"

"बघितला असेल तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत बघितला असेल. त्याच्यापुढे दिवसभर असलेच व्हिडिओ येतात गं, खरेखुरे. त्यानं घाबरणं बरोबरच आहे."

फोन ठेवून ती चाकाजवळ उभी राहिली. अण्णा भांग पाडून आले, पायरी चढताना दाराचा आधार घेतला, स्टुलावर बसले. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग काढ की."

"अण्णा, तो…"

"माझा हात माझ्यापाशी आहे," अण्णा चिडून म्हणाले. "तो काय त्या डबीत राहतो? काढ. आणि मला त्या पेजवालीनं विचारलं तर सांग, अण्णांनी स्वतः काढायला लावला. नाहीतर म्हणेल म्हातारा हट्टी."

तिनं व्हिडिओ आधी आपल्या मोबाईलमध्ये साठवला. मग अ‍ॅपमधून काढला. अण्णा बघत नव्हते असं दाखवत बघत होते. काढल्यावर दोघांनी खात्याच्या स्थितीचं पान उघडलं. लाल खूण होती तशीच. दुपारी शिंप्याची कात्री घासताना तिनं दोनदा बघितलं. तशीच. तिसऱ्यांदा बघायच्या आधी अण्णा म्हणाले, "भांडं सारखं उघडून बघितलं म्हणून पाणी उकळत नाही. कात्रीकडे बघ, डाव्या पायाची धार मधेच गेलीय तुझी."

गेली होती. तिनं परत सहाण भिजवली आणि डावा पाय पहिल्यापासून घेतला. शिंपी कात्री न्यायला आला तेव्हा तिनं त्याच्याच कापडाच्या कपट्यावर ती चालवून दाखवली आणि हे करता करता मोबाईल डब्याला टेकवलेला ठेवला. कातडी नाही, मनगट नाही. कपट्याचे दोन भाग चटकन सुटले आणि शिंपी कौतुकानं म्हणाला, "आयला! ही माझीच का?" तो आवाजही व्हिडिओत आला. तिनं तो काढला नाही. तसाच टाकला.

संध्याकाळच्या सुमारास खूण गेली होती. कधी गेली ते कळलं नाही. त्या पानावर आता हिरवं काहीतरी होतं आणि खाली लिहिलेलं, की हे खातं इतरांना सुचवलं जाऊ शकतं. सुचवलं जाईल असं नाही. जाऊ शकतं.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे दार उघडलंय. कुणी आत येईल का माहीत नाही."

शनिवार उजाडला. तिनं दुकान उघडलं आणि आधी आकडे बघितले. शिंप्याचा व्हिडिओ. जांभळा पट्टा नेहमीसारखा. त्याच्या शेजारी दुसऱ्या रंगाचा पट्टा, पूर्वीच्या मानानं अगदीच केविलवाणा, पण नखाच्या कडेपेक्षा जाड. नणंदेला फोटो पाठवला. नणंदेनं लगेच उत्तर दिलं, "वाढतंय. पण यावर घर बांधू नकोस अजून."

मग सुपरवायझरचा फोन वाजला. अण्णांनी भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्याकडे तोंड फिरवलं.

"हो की नाही ताई? आज सांगायचं ठरलं होतं."

तिच्या हातात आकडा नव्हता, पार्सल नव्हतं. एक अशक्त पट्टा होता आणि नणंदेनं सांगितलेली एक गोष्ट होती: लोक गेले नव्हते, त्यांना ती दिसत नव्हती. बुधवारी सकाळी हे तिला माहीत नव्हतं. बुधवारी तिला वाटत होतं की तिचं काम कुणाला नको झालंय. आज तिला कारण माहीत होतं, आणि ते कारण तिच्या कामात नव्हतं. एवढं पुरेसं आहे की नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "दुसऱ्या माणसाला बोलवा."

"पुन्हा ही जागा निघणार नाही, बघा हं."

"कळतंय मला."

फोन ठेवल्यावर तिनं मोबाईल डब्यामागे उलटा सारला. अण्णा वळले नाहीत. पट्ट्यावर हात फिरवत म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला तू सांगशील की मी?"

"मी सांगते. तुम्ही भांडाल."

"मी कधी भांडतो?"

"कालच भांडलात त्या दूधवाल्याशी."

दुपार कोरडी गेली. कुणी आलं नाही. तिनं फुलवालीची छोटी कात्री घासून ठेवली, दुकान झाडलं, सहाणा उलट्या केल्या. एकदा तिला वाटलं की आपण मूर्खपणा केला, आणि ती उठून पाणी प्यायली. पुन्हा वाटलं, पुन्हा उठली. अण्णा डुलक्या घेत होते.

मग मेसेज आला. ओळखीचा नव्हता. एका बाईनं लिहिलं होतं, की मी अमुक गावची, नाटकमंडळीचे कपडे शिवते, तुमच्या शिंप्याचा व्हिडिओ आत्ता समोर आला, मी तुम्हाला ओळखत नाही पण माझ्याकडे सहा कात्र्या आहेत आणि इथे कुणी नीट धार लावत नाही. पाठवू का? कशा पाठवायच्या ते सांगाल?

धारवालीनं मेसेज दोनदा वाचला. मग हात पदराला पुसून ती सावकाश टाईप करू लागली: प्रत्येक कात्री मिटवून तोंडाशी दोरा बांधा. पात्यांना पुठ्ठा गुंडाळा, नुसता कागद नको, टोकं कागद फाडून बाहेर येतात. आधी तेल लावू नका, पुठ्ठ्याला चिकटतं. कुठली कात्री कुठल्या कापडाला वापरता ते प्रत्येकीवर चिठ्ठी लावून लिहा.

"कोण आहे?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.